पारापर्यंतचं अंतर : एका लघुपटाच्या संहितेच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

आजपासून नोंदी ठेवते. लघुपट बारा मिनिटांचा आहे, म्हणजे एका पानाला एक मिनिट या हिशोबानं संहिता बारा पानांत बसली पाहिजे. परदेशात शिकणारा मुलगा आणि दर रविवारी घरच्यांबरोबर व्हिडिओ कॉलवर होणारी आरती, एवढा विषय ठरलाय. नमुना घरचाच आहे. माझा भाचा जर्मनीत शिकतो. माहेरी, अंबाजोगाईपासून चौदा किलोमीटरवर, आई, दादा आणि वहिनी रविवारी संध्याकाळी सातला आरती करतात, तेव्हा तो तिकडून दुपारी साडेतीनला हजर असतो. त्याची परवानगी घेतली. "नाव बदल आत्या, आणि खोली आहे त्यापेक्षा नीटनेटकी दाखव," एवढीच त्याची अट. संहितेत तो ओंकार.

रविवारच का, हे मला आजच कळलं. सुरुवातीला गुरुवार ठरला होता, पण त्या वेळी त्याचं प्रॅक्टिकल असतं. रविवारी तिकडे दुकानं कायद्यानंच बंद. रस्त्यावर माणूस नाही, वसतिगृहात आवाज करायचा नाही. सोमवार ते शनिवार कसेही निघून जातात, रविवार अंगावर येतो, असं तो म्हणाला. आईला वार बदलल्याचं काहीच वाटलं नाही. "आयतवार खंडोबाचाच की," म्हणाली आणि विषय संपला.

आजचा कॉल मी कोपऱ्यात बसून बघितला. देवघर भिंतीतलं, कोनाड्यासारखं. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला. त्यामुळे भाच्याला जे दिसतं ते असं : वर पंख्याचं एक पातं, मध्ये आईचा खांदा आणि अर्धा गाल, खाली समईचं टोक. देव दिसतच नाहीत. मी फोन सरळ करायला उठले तर तिकडून तोच म्हणाला, "राहू दे आत्या, असाच असतो तो." ही चौकट जशीच्या तशी संहितेत घ्यायची.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पहिला खर्डा लिहिला आणि रात्रीच रद्द केला. त्यात ओंकार उदास बसलाय, फोन वाजतो, आरती सुरू होते, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, मग तो हसतो. बारा पानांत काहीच घडत नाही. आरती म्हणजे गोळी घेतली आणि डोकं थांबलं, असं झालंय. कॅमेरा बघणाऱ्या मित्रानं वाचून एवढंच विचारलं, "ह्यात अडतं कुठं?"

खरंच, अडतं कुठं? रविवारचा कॉल आठवून बघितला. आरतीची पहिली दोन कडवी बरी गेली, तिसऱ्याला सगळं रेंगाळलं. दादा थांबत होता, भाचा थांबत होता, वहिनी दोघांच्या मध्ये. शेवटी आईनं एकटीनं रेटून संपवलं. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं. गोष्ट तिथंच असावी.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज मोजमाप करायला गेलो. लातूरहून आवाजाचं काम बघणारा मित्र आला होता. दिवाळी दोन दिवसांवर, स्वयंपाकघरात चकलीचा घाणा चालू, त्यामुळे वहिनी आरतीला कढईवरून उठून आली आणि हाताला पीठ तसंच.

बेत साधा होता. इकडून मी ठेक्यात टाळ्या वाजवायच्या, तिकडून भाच्यानं त्याला ऐकू येईल त्या ठेक्यावर वाजवायच्या. चार-पाच टाळ्यांत माणसाला ठेका सापडतो आणि तो पुढची टाळी अंदाजानं अचूक टाकतो. त्यामुळे ऐकून हात उचलायला लागणारा वेळ मोजणीत येत नाही. त्याची टाळी आमच्याकडे जेवढी उशिरा पोचेल, तेवढा जाऊन-येऊन लागलेला वेळ. दुसऱ्या फोनवर दोन्ही टाळ्या रेकॉर्ड करायच्या आणि संगणकावर Audacity हा आवाजाचा प्रोग्रॅम उघडून आलेखातल्या दोन शिखरांमधलं अंतर वाचायचं.

तर भाच्यापर्यंत टाळ्या पोचेचनात. त्याला माझे हात हलताना दिसत होते, आवाज नाही. मग दादानं झांज घेतली. पहिला ठोका किंचित आला, पुढे गप्प. घंटी तर अजिबात नाही. भाचा म्हणाला, "हे नेहमीचंच आहे. मला तुम्ही सगळे मुक्यानं झांज वाजवताना दिसता." वर्ष होत आलं तो असा बसतोय आणि आम्हाला कुणाला माहीत नाही. त्यानं सांगितलं नाही, कारण त्याला वाटलं की सगळ्यांच्याच फोनमध्ये असं होतं.

मित्रानं कारण सांगितलं. हे ॲप माणसाचं बोलणं नीट पोचावं म्हणून बनवलेलं असतं. बोलण्यासारखं जे वाटत नाही ते सगळं गोंगाट समजून ते गाळतं : पंखा, भांडी, कढईचा चर्र आवाज. त्याच्या लेखी झांज, टाळी आणि घंटी यांची जातही तीच. आरतीतला जो भाग देवासाठी वाजवायचा, तो वाटेतच चाळून टाकला जातो. दुसरी भानगड प्रतिध्वनीची. भाच्याचा आवाज आमच्या फोनच्या स्पीकरमधून निघून परत आमच्याच माइकमध्ये शिरतो. तो त्याला उलटा ऐकू जाऊ नये म्हणून ॲप आमचा माइक दाबतं. म्हणजे तो गायला लागला की आम्ही त्याच्याकडे गायब. तो थांबला की आम्ही परत येतो. एकत्र गाण्याची नेमकी उलटी सोय.

हे संहितेत जसंच्या तसं जाणार. प्रेक्षकाला पहिली आरती ओंकारच्या कानानं ऐकवायची : झांज हलतेय आणि आवाज शून्य, मध्येच आजीचे शब्द तुटलेले. संगीत घालायचं नाही.

मोजणी आज राहिली. चकल्या मात्र चांगल्या झाल्या होत्या.

२० ऑक्टोबर, सोमवार

मित्र थांबला म्हणून सकाळीच परत बसलो. भाचाही लवकर उठला, त्याच्याकडे सात वाजले होते. झूमच्या सेटिंगमध्ये Original Sound नावाचा पर्याय आहे. तो वाजवणाऱ्या-गाणाऱ्या लोकांसाठी दिलेला आहे आणि चालू केला की गाळणी बंद होते. दोन्हीकडे चालू केला, भाच्यानं कानात हेडफोन घातले. झांज पोचली! तो दचकलाच. बरोबर पंखाही पोचला, म्हैसही पोचली आणि शेजारच्यांच्या पिठाच्या गिरणीचा पट्टाही. हे काही फुकट मिळत नाही, गाळणी काढली की सगळंच येतं.

मग टाळ्या. सहा वेळा मोजलं. कमीत कमी ०.४१ आणि जास्तीत जास्त ०.५२ सेकंद आलं. मी ०.४५ धरते.

एवढ्याशा वेळाचं काय, असं मला वाटलं होतं. पण आमच्या घरची आरती ज्या चालीत चालते तिच्यात दोन टाळ्यांमध्ये साधारण ०.६ सेकंद असतात. म्हणजे भाच्याचा सूर आमच्याकडे पाऊण टाळीनं मागे येतो. एकत्र वाजवणाऱ्यांना साधारण ०.०३ सेकंदाच्या पुढचा उशीर जाणवायला लागतो आणि तो वाढला की दोघंही एकमेकांसाठी थांबायला लागतात. दादा वाट बघतो म्हणून आरती हळू होते, ती हळू झालेली ऐकून भाचा आणखी हळू होतो, ते ऐकून दादा आणखी. रेंगाळण्याचं कारण हे. भक्ती कमी पडत नव्हती, नेटपॅकही नाही.

आणि यावर इलाज नाही, हे महत्त्वाचं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. जर्मनी इथून सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर धरली तरी नुसतं एका बाजूनं जायलाच ०.०३ सेकंदाच्या वर लागतात. केबल सरळ रेषेत जात नाही, शिवाय दोन्हीकडच्या फोनला आवाज बांधायला आणि सोडायला वेळ लागतो तो वेगळा. कितीही महाग प्लॅन घ्या, सोबत म्हणणं शक्य नाही.

जाता जाता मित्र एक वाक्य बोलून गेला. ०.४५ हे जाऊन-येऊन, म्हणजे एका बाजूचा उशीर ०.२२. हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. म्हणजे कानाच्या हिशोबानं तुमचा मुलगा ७५ मीटरवर उभा आहे.

दादा लगेच दारात गेला आणि बोट दाखवून म्हणाला, "म्हणजे मारुतीचा पार."

२६ ऑक्टोबर, रविवार

आज मोठा घोळ झाला आणि मला मधलं दृश्य मिळालं.

सात वाजले, आईनं समई लावली, भाचा नाही. फोन लागेना. सव्वासातपर्यंत थांबून आरती उरकली, कारण नैवेद्य झाकून ठेवलेला. आई काही बोलली नाही, पण प्रसादाची वाटी तिनं फोनसमोर ठेवली तशीच राहू दिली. आठ वाजता फोन. भाचा अंघोळ करून, कुर्ता घालून, हेडफोन लावून तयार. त्याच्या समोर आई भाकरी कुस्करत बसलेली.

झालं असं की आज पहाटे युरोपातली घड्याळं एक तास मागे गेली. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळ सुरू होते. काल आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचं अंतर होतं, आज साडेचार. आपले सात म्हणजे आता त्यांचे अडीच. त्याच्या फोननं घड्याळ स्वतःहून बदललं, पण गजर होता साडेतीनचा. गजराला काय, जे घड्याळ समोर असेल त्याचे साडेतीन वाजले की तो वाजणार. अडीच वाजता भाचा तळघरात कपडे धूत होता, तिथं नेटवर्क येत नाही.

मागच्या वर्षी असं झालं नव्हतं का, मी विचारलं. गेल्या वर्षी तो नवीन होता आणि आरती अजून सुरू व्हायची होती. मार्चमध्ये उलटं झालं तेव्हा तो तासभर लवकर येऊन बसला होता, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आईला हे समजावताना दादाची दमछाक झाली.

"घड्याळ मागं केलं मंजी? कुणी केलं?"

"सरकारनं, आई. तिकडं दर वर्षी करतात."

"मग त्यो एक तास गेला कुठं?"

"गेला नाही, त्यांना एक तास जास्तीचा मिळाला."

"मिळाला तर मग येळेवर यायला काय झालं?"

याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. भाचा तिकडे खो खो हसत होता, आणि हसता हसता गप्प झाला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आरती चुकली म्हणून नाही, त्याला वाईट वाटलं ते जेवण चालू असलेलं बघून. त्याच्यावाचून घरातला रविवार पुढे सरकला होता. मुलाला घर आठवतं यात गोष्ट नाही. घर आपल्यावाचून चालू आहे हे त्याला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतं, इथं गोष्ट आहे.

रात्री त्याला सांगितलं, गजर काढ, कॅलेंडरमध्ये नोंद कर आणि त्या नोंदीचा टाइमझोन Asia/Kolkata ठेव. मग २९ मार्चला घड्याळ पुढे गेलं तरी नोंद आपल्या सातलाच वाजेल. ओंकारला मात्र हे कुणी सांगायचं नाही, नाहीतर माझं पान सहा जाईल.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरा खर्डा. आता क्रम असा : पहिली आरती, मुकी झांज. दुसरी आरती, रेंगाळणारी. मग ओंकार आपणहून माइक बंद करतो, कारण त्याच्यामुळे घरच्यांची आरती बिघडते असं त्याच्या मनात बसलंय. मग घड्याळाचा रविवार. मग शेवटची आरती.

माइक बंद करण्याचा भाग मला फार आवडलाय, कारण तो खरा तोडगा आहे. माइक बंद ठेवून मुलगा घरच्यांबरोबर म्हणाला तर त्याच्या खोलीत ताल अगदी बरोबर बसतो. तो त्याला ऐकू येणाऱ्या आवाजाबरोबर गातोय, उशीर फक्त घरच्यांना दिसला असता आणि त्यांना तर काही ऐकूच जात नाही. त्याचं सुख पूर्ण, पण एकट्याचं. इथं आजी आडवी येते.

> दृश्य ५. आत. वसतिगृहाची खोली. रविवार, दुपार.
>
> लॅपटॉपवर घर. ओंकार डोळे मिटून म्हणतोय, हलक्या टाळ्या वाजवतोय. ताल जुळलाय. माइकच्या चिन्हावर लाल रेघ.
>
> आजी (पडद्यावरून) : आरं, तोंड हलायलंय ह्याचं. आवाज कामून येईना?
>
> वडील : त्यानंच बंद केलाय आई. गडबड होती म्हणून.
>
> आजी : होऊ दे की गडबड. मुक्या माणसासंगं कसली आरती?
>
> ओंकारचा हात माइकच्या चिन्हाकडे जातो, थांबतो.

"कामून" राहू द्यायचं. पुण्याच्या एका मित्रानं "का" कर म्हणून सुचवलं. आमच्याकडची म्हातारी "का" म्हणत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

धुराचं दृश्य काढलं. ओंकार कापूर लावतो, छतावरचं धुराचं यंत्र बोंबलतं, अग्निशमन दल येतं, असं लिहिलं होतं. गोष्ट खरी होऊ शकते. तिकडे राहत्या घरात ते यंत्र सक्तीचं आहे आणि कापूर काजळी भरपूर सोडतो. पण ते विनोदी दृश्य पुढच्या दोन पानांचा जीव घेतं. भाचा बॅटरीवरचा दिवा लावतो, ओंकारही तोच लावील, कुणी त्यावर काही बोलणार नाही.

त्याऐवजी निरांजनाचं दृश्य वाढवलं. आरती झाली की आई ताट उचलून फोनसमोर नेते, पोरानं आरती घ्यावी म्हणून. आज मी भाच्याच्या बाजूनं त्याचा पडदा रेकॉर्ड करायला लावला. ज्योत जवळ आली की फोनचा कॅमेरा आपोआप उजेड कमी करतो. देवघर, भिंत, आईचा चेहरा सगळं काळं होतं आणि मध्ये एक पांढरा ठिपका उरतो. त्याच्या मागे दोन-तीन हिरव्या बांगड्या. भाचा पडद्यावर हात फिरवून तोंडावर घेतो. पडदा गार असतो, तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

हे दृश्य खऱ्या कॉलवरच चित्रित करायचं. नंतर संगणकावर बनवलं तर तो काळोख असा अचानक पडणार नाही. चित्र थोडं फुटेल, फुटू दे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शेवट अडलाय. आजीनं माइक चालू करायला लावला, ठीक. पण उशीर तर तसाच आहे. तो जादूनं गेला असं दाखवलं तर मी खोटी ठरते.

दोन वाटा दिसतात. पहिली भजनातली : एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून. मग अर्धा सेकंद चूक म्हणून कळतच नाही, श्वास घेतल्यासारखा वाटतो. गावात एकादशीच्या भजनाला बसलेल्या कुणालाही हे सुचेल. पण आरतीत ताल सगळ्यांचा असतो, ती अशी तोडून म्हटली की आरती राहत नाही, असं दादाचं मत आणि ते बरोबर आहे.

दुसरी वाट आज आईमुळे सापडली. आमच्याकडे शेवटची आरती विठोबाची. "येई हो विठ्ठले माझे माऊली ये" यातला शेवटचा "ये" लांबवायचा, अगदी दम संपेपर्यंत. लहानपणी आम्ही भावंडं यात शर्यत लावायचो आणि कुणीतरी ठसका लागून हरायचं. आई बोलता बोलता तो "ये" ओढायला लागली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या स्वराला टाळी नाही, त्याला उशीरही नाही. सहा सेकंद एकच स्वर धरला तर त्यातला पहिला अर्धा सेकंद सोडून पुढे दोन्हीकडे सगळे एका स्वरावर असतात. अख्ख्या आरतीत आम्ही खरोखर सोबत असतो ती हीच जागा.

रात्री मित्राला फोन केला. त्यानं एक सावधगिरी सांगितली : गाळणी चालू असेल तर असा सरळ लांब स्वर तिला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो हळूहळू दाबत नेते. म्हणजे Original Sound चालू होण्याचं एक छोटं दृश्य आधी हवं. ओंकारची धाकटी बहीण ते करते. एक वाक्य, पुरे.

९ नोव्हेंबर, रविवार

खऱ्या कॉलवर करून बघितलं. भाच्याला सांगितलं, आज तू सुरू कर, आम्ही मागून येतो. "येई हो विठ्ठले" त्यानं सुरू केलं, चाचरत. "ये" आला. इकडे आई, दादा, वहिनी त्यात शिरले. पंखा बंद केला होता.

रेकॉर्डिंग नंतर त्याच्या बाजूनं ऐकलं तेव्हा जे सापडलं ते मी लिहून सुचलं नसतं. भाचा दम संपून थांबतो. इकडे त्याचं थांबणं ०.२२ सेकंदानं पोचतं, मग आम्ही थांबतो, आमचं थांबणं त्याच्याकडे आणखी ०.२२ नं पोचतं. म्हणजे तो गप्प झाल्यावरही जवळपास अर्धा सेकंद त्याच्या कानात घर गात राहतं. दर वेळी. त्यात कुणाचा काही हातभार नाही, ते फक्त अंतर आहे.

शेवटचं दृश्य :

> दृश्य १०. आत. खोली. रविवार, अडीच.
>
> आजी : तू म्हण. आमी मागून येतो.
>
> ओंकार : येई हो विठ्ठले माझे माऊली येऽऽऽ
>
> हेडफोनमधून घर त्यात मिसळतं. कॅमेरा ओंकारच्या कानाजवळ. त्याचा दम संपतो, ओठ मिटतात. आवाज चालूच.
>
> मग तोही थांबतो.

इथं कट. पुढची ओळ म्हणू द्यायची की नाही यावर कॅमेऱ्यावाल्याशी तासभर वाद झाला. पुढच्या ओळीत "निढळावरी कर ठेवूनि वाट मी पाहे" येतं. निढळ म्हणजे कपाळ. कपाळावर हात आडवा धरून वाट बघणं. पुढच्याच कडव्यात "आलिया गेलिया हाती धाडी निरोप" आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती निरोप धाड म्हणून. माझ्या सगळ्या संहितेचा विषय त्या दोन ओळींत आधीच सांगून झालाय, आणि म्हणूनच त्या ऐकवायच्या नाहीत, असं त्याचं म्हणणं. प्रेक्षकाला पाठ आहेत, त्याला मनात म्हणू दे. मी हरले. फक्त दृश्य १ मध्ये एक खूण ठेवली : खिडकीतून उन्हाची तिरीप पडद्यावर येते, म्हणून ओंकार कपाळावर हात आडवा धरून घर बघतो. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अभिनय करणारा मुलगा संभाजीनगरचा. आरती येते, पण "निढळावरी" ऐवजी "निर्मळावरी" म्हणतो. आम्ही ते कापलंय म्हणून सुटला. तरी सुधारून घेतलं.

पाराचं वाक्य कुठं घालायचं याचा विचार चालूय. ७५ मीटरचा हिशोब कुणाच्या तोंडी घातला तरी तो पाठ सांगितल्यासारखा वाटतो. बहिणीच्या तोंडी घातला, काढला. वडिलांच्या तोंडी घातला, काढला. शेवटी आकडा टाकून दिला. दृश्य ८ मध्ये घड्याळाचा घोळ झाल्यावर आजी विचारते, "लई लांब हाय का रं?" आणि बहीण म्हणते, "आवाज यायला पारावरून हाक मारल्याएवढा वेळ लागतो." एवढंच. आजी दाराकडे बघते.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज आरतीनंतरचा भाग नीट बघितला, कारण दृश्य ९ कोरडं वाटत होतं. आरती सातला सुरू होऊन वीस मिनिटांत संपते. झूमचा फुकटातला कॉल चाळीस मिनिटांनी तुटतो. मधली वीस मिनिटं कुणीच फोन ठेवत नाही, आणि कुणी त्याच्याशी बोलतही नाही. दादा एका शेजाऱ्याशी सोयाबीनचं बोलत होता, सप्टेंबरच्या पावसात काळं पडलेलं, भाव काय मिळणार वगैरे. वहिनीनं दूध तापत ठेवलं. आई वाती वळत बसली. तिकडे भाचा माइक बंद करून कपड्यांच्या घड्या घालत होता. मध्येच वहिनीनं हाक मारली, "दूध बघ रे," आणि तो जागेवरून अर्धा उठला. मग बसला.

दूध दादानं उतरवलं.

हे दृश्य ९. संवाद तेवढा एकच. कॉल तुटतो तो बोलणं चालू असतानाच, निरोप न घेता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

माहेरी वाचन. संहिता साडेअकरा पानं झालीय. आईला पूर्ण वाचून दाखवली, संवाद मोठ्यानं, बाकीचं सांगून. ती वाती वळत ऐकत होती. मुकी झांज आली तेव्हा थांबली. "वरीसभर त्याला ऐकू येत नव्हतं?" हे तिला अजून कुणी सांगितलंच नव्हतं.

तिच्या दोन हरकती. एक, माझी आजी आरतीच्या आधी पोराला काहीच विचारत नाही. "जेवलास का" विचारल्याबिगर कोण आरती सुरू करतं? घातलं. दोन, शेवटी प्रसाद कुणीच खात नाही. मी म्हटलं, कट लांब स्वरावर आहे, पुढे काही दाखवायचं नाही. तिला ते पटलं नाही. शेवटच्या पाट्यांखाली वाटीचा आवाज ठेवायचं कबूल केलं, तेव्हा "बघ बाई तुझं तू" म्हणाली.

चित्रीकरण डिसेंबरचे पहिले दोन रविवार, कॉल खराच असल्यामुळे दुसऱ्या वारी जमणार नाही. भाच्याच्या खोलीचं काम त्याचा तिकडचा मित्र करणार आहे. झांज भजनी मंडळाची आहे, एकादशीच्या आधी परत द्यायची. गिरणीवाल्याला सात ते आठ बंद ठेवायला सांगायचं, तो म्हणतो दळण आणणाऱ्या बायकांना तुम्हीच समजावा.